गणेशोत्सव २०२६, मध्य न्यू जर्सी : तिकिटं, स्वयंसेवक आणि पार्किंग. यंदा फाटकावर काय करायचं?

मोरया_चिटणीस

नमस्कार मंडळी. यंदा चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. मंडळाचा उत्सव त्यानंतरच्या शनिवारी, १९ सप्टेंबरला, नेहमीच्याच हायस्कूलमध्ये होईल. फाटक १०.१५ ला उघडेल, आरती ११.१५ ला. जेवण १२ ते १.३० दोन पंगतींत, २ ते ४.३० मुलांचे आणि मोठ्यांचे कार्यक्रम, मग उत्तरपूजा आणि मागच्या अंगणात टबमध्ये विसर्जन. मूर्ती शाडूची आहे.

तिकीट सभासदांना ३० डॉलर, इतरांना ४० आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना १५. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण त्यांचीही नोंद करा. सभागृहात किती माणसं आहेत हे मोजताना कडेवरचं बाळही धरावं लागतं. विक्री ९ सप्टेंबरच्या रात्री बंद होईल, कारण १० तारखेला केटररला आकडा द्यायचा आहे. दारावर तिकीट मिळणार नाही.

स्वयंसेवकांच्या पाळ्या अडीच तासांच्या आहेत. जेवण वाढायला आणि रंगमंचावर माणसं मिळाली, पण पार्किंगच्या चौदापैकी तीनच जागा भरल्या आहेत. गेल्या वर्षी फाटकाबाहेर गाड्यांची रांग थेट मुख्य रस्त्यावर गेली आणि आरती २५ मिनिटं उशिरा सुरू झाली. म्हणून विचारते, यंदा तिकिटाबरोबरच गाडीचा पास द्यावा का? पास असेल त्यालाच आत सोडायचं. मतं सांगा.

कोथरूडकर

देवाच्या दर्शनाला तिकीट? आमच्या पुण्यात मानाच्या पाचही गणपतींचं दर्शन फुकट असतं. परदेशात गेल्यावर एवढं बदलावं हे पाहून वाईट वाटलं.

मोरया_चिटणीस

काका, दर्शनाला तिकीट नाही. माझ्या लिहिण्यात ते यायला हवं होतं. तिकीट जेवणाचं आणि दुपारच्या कार्यक्रमाचं आहे. सकाळच्या आरतीला आणि विसर्जनाला कुणीही या. फक्त आधी नाव नोंदवा, कारण सभागृहाची मर्यादा ६५० माणसांची आहे आणि तो आकडा दाराशेजारी पाटीवर लिहिलेला असतो. आकडा ओलांडला तर फायर मार्शल कार्यक्रम थांबवू शकतो.

कोथरूडकर

मग ठीक. मुलगी तिकडेच असते, तिला सांगतो नाव नोंदवायला.

गणित_आवडे

पास देण्याची गरजच नाही. सोपा हिशेब आहे. ६०० माणसं, एका गाडीत चार, म्हणजे १५० गाड्या. शाळेच्या पार्किंगमध्ये २६० जागा आहेत. शंभरावर जागा रिकाम्या राहतील. गेल्या वर्षीची रांग पार्किंगवाल्यांच्या गोंधळामुळे झाली असणार.

नारिंगी_जॅकेट

मी पाच वर्षं पार्किंगला उभा राहतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीत चार माणसं हा अंदाज सिनेमाला जाताना बरोबर ठरेल, आपल्या कार्यक्रमाला नाही. गेल्या वर्षी ५६० माणसं आली आणि मी मोजलेल्या गाड्या २१४ होत्या. गाडीमागे २.६ माणसं. कारण घराघरात दिसेल. मुलगी नाचात असते, तिला साडेआठला तालमीला बोलावलेलं असतं, आई तिला घेऊन एका गाडीने येते. बाबा आजी-आजोबांना घेऊन दुसऱ्या गाडीने साडेदहाला येतात. कार्यक्रमात जितकी मुलं जास्त, तितक्या दोन गाड्यांची घरं जास्त. या हिशेबाने ६०० माणसांना २३० गाड्या धरा. २६० मधल्या १० जागा अपंगांसाठी राखीव, ८ केटरर आणि साउंडवाल्यांच्या. उरल्या २४२. म्हणजे जागा पुरते, पण जेमतेम.

आता रांगेचं. रांग जागा नाही म्हणून लागलीच नव्हती. ती लागली तेव्हा मागचं पार्किंग अर्धं रिकामं होतं. आपण तिकिटावरचा क्यूआर कोड गाडीच्या खिडकीशी तपासत होतो, रांग त्यामुळे लागली. गाडी थांबते, काच खाली होते, फोन पर्समध्ये असतो, फोन मिळाला की ईमेल सापडत नाही. मी घड्याळ लावून बघितलं, सरासरी २५ सेकंद लागत होती. चाळीस मिनिटांत २५ सेकंदांनी ९६ गाड्या आत जातात. आणि बहुतेक घरं आरतीच्या आधीच्या चाळीस मिनिटांतच येतात. बाकीच्या रस्त्यावर उभ्या राहणारच.

म्हणून पासला माझा विरोध आहे. पास आला की फाटकावर परत काहीतरी दाखवणं आलं. फाटकावर काहीही विचारू नका, गाडी चालती ठेवा, तिकीट इमारतीच्या दाराशी बघा.

गणित_आवडे

२.६ चा आकडा माहीत नव्हता. माझा अंदाज चुकला, आणि पार्किंगवाल्यांबद्दल बोललो तेही मागे घेतो. पण मग दाराशी रांग लागणार नाही का? रांग एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली, एवढंच.

नारिंगी_जॅकेट

दाराशी चार टेबलं लावता येतात, फाटकावर गाड्यांची लेन एकच आहे. शिवाय गाडीतली अडीच-तीन माणसं दाराशी बहुतेक एका तिकिटावर येतात. साधारण १८० कुटुंबं, प्रत्येकी अर्धं मिनिट, चार टेबलं. साडेबावीस मिनिटांत सगळे आत. टेबलं आडनावाच्या अक्षराप्रमाणे वाटू नका, कु-पा-जो असं करत बसलं की एका टेबलाशी गर्दी आणि दुसरं रिकामं. एकच रांग ठेवा, जे टेबल मोकळं होईल तिकडे पुढचं घर जाईल.

साखरभात

हे फार बरोबर. गेल्या वर्षी ‘प’ च्या टेबलाशी अर्धं गाव होतं. पाटील, पवार, पाटणकर, पेंडसे, सगळे!

म्युनिकची_माधवी

आमच्याकडे लोक ट्रेननेच येतात, त्यामुळे पार्किंग हा विषय निघत नाही. आमची अडचण चपलांची असते. ३०० जोड एका दाराशी. खोके क्रमांक घालून ठेवले तर काम होतं का, कुणी केलंय?

साखरभात

माधवी, आम्ही दोन दारं केली. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर, आणि चपला कापडी पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवायच्या. पण आमची संख्या कमी असते, दीडशे.

फुटबॉल_आई

थांबा, एक महत्त्वाचं. १९ तारखेला शनिवार आहे ना? माझा मुलगा त्या शाळेच्या ज्युनिअर संघात आहे. दुपारी १ ला त्यांचा सामना त्याच मैदानावर आहे. संघाच्या वेळापत्रकात मी आत्ताच बघितलं. आई-वडील सव्वाबाराला यायला लागतात, आणि ते सगळे मागच्या पार्किंगमध्येच लावतात.

मोरया_चिटणीस

अरे देवा. सभागृह मार्चमध्ये बुक केलं तेव्हा सामन्यांचं वेळापत्रक ठरलेलं नव्हतं. शाळेच्या क्रीडा विभागाला आजच ईमेल करते. ताई, खूप आभार.

काणेकाकू

आदल्या आठवड्यात का नाही घेतलं? रविवारी, १३ ला?

मोरया_चिटणीस

काकू, १३ ला चतुर्थी सुरूच झालेली नसते. आपल्याकडच्या घड्याळाने तिथी त्या रात्री साडेनऊनंतर लागते. शिवाय १२ आणि १३ ला रोश हशाना आहे, त्यामुळे त्या दोन दिवशी शाळा भाड्याने मिळत नव्हती. अनंत चतुर्दशी २५ ला, शुक्रवारी. चतुर्थी आणि चतुर्दशीच्या मध्ये आपल्याला मोकळा मिळालेला शनिवार हाच.

काणेकाकू

कळलं गं. घरचा गणपती सोमवारीच बसवणार आम्ही, दीड दिवसाचा. मग शनिवारी तुमच्याकडे मोदक खायला येऊ. मोदक उकडीचे आहेत ना?

मोरया_चिटणीस

काकू, ६०० माणसांना उकडीचे गरम देणं केटररला जमत नाही. थंड झाली की पारी कडक होते. प्रसादाला तळणीचे. उकडीचे २१ नैवेद्यापुरते, ते तीन घरांत होणार आहेत.

मोरया_चिटणीस

क्रीडा विभागाचं उत्तर आलं. सामना नक्की आहे आणि मागच्या पार्किंगमधल्या ७० जागा त्यांना द्याव्या लागतील. म्हणजे २४२ मधून ७० गेल्या, आपल्याकडे १७२. हव्यात २३०. आता मला खरंच काळजी वाटते आहे. शेजारच्या ऑफिस संकुलाने शनिवारी त्यांचं पार्किंग वापरायला लेखी परवानगी दिली आहे, पण ते १२ मिनिटं चालण्याच्या अंतरावर आहे. वाटेत थोडा भाग फुटपाथ नाही. आजी-आजोबांना तिथून कसं आणायचं? बसचं भाडं विचारलं, किमान चार तासांचं घ्यावं लागतं आणि ते बजेटमध्ये बसत नाही.

ठाणे_ते_टोरांटो

आम्ही ‘आधी येईल त्याला जवळची जागा’ असं ठेवलं होतं. ज्येष्ठ लोक नेहमी उशिरा निघतात, त्यामुळे तेच लांब गेले. आजही एक आजोबा त्या दिवसाची आठवण काढतात. तसं करू नका.

नारिंगी_जॅकेट

पाहुण्यांना लांब पाठवायचंच नाही. स्वयंसेवकांना आणि कलाकारांना पाठवा.

यात दोन फायदे आहेत. एक, ही माणसं सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. त्यांची गाडी जवळच्या जागेवर दहा तास अडून राहते. दुसरा, ती एकदम येत नाहीत. स्वयंसेवक पावणेआठपासून, कलाकार साडेआठ ते साडेनऊ. म्हणजे वाहतूक पसरलेली.

आकडे बघा. स्वयंसेवकांच्या ३८ गाड्या, कलाकारांच्या घरच्या सकाळच्या २५. एकूण ६३. त्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गेल्या तर आपल्याकडे १६७ येतील आणि जागा १७२ आहेत. पाच जागांची फट म्हणजे काहीच नाही हे मला कळतं, म्हणून कुणी पाहुणा चुकून लांब गेला तरी त्याला आणायची सोय हवी.

बस नको. सात आसनी दोन मिनीव्हॅन पुरतील. नाचातल्या मुलीला आणि तिच्या दागिन्यांच्या डब्याला आई शाळेच्या दाराशी उतरवेल, मग एकटी गाडी घेऊन लांब जाईल. म्हणजे न्यायचे फक्त चालक, ६३ माणसं. एका फेरीला दहा मिनिटं, एका व्हॅनमध्ये सहा जण. दोन व्हॅन मिळून दहा मिनिटांत बारा. साधारण पन्नास-पंचावन्न मिनिटांचं काम, आणि आपल्याकडे पावणेआठ ते साडेनऊ एवढा वेळ आहे.

पथक_प्रमुख

आमच्या ढोल-ताशा पथकाचं काय? गेल्या वर्षी मिरवणूक पुढच्या पार्किंगमधून काढली होती. यंदाही २० मिनिटं हवी आहेत, १०.४५ पासून. लोकांना ते फार आवडतं.

नारिंगी_जॅकेट

दादा, तुमचं वादन सुरू झालं की माझ्या अंगावर काटा येतो, पण १०.४५ ला पुढचं पार्किंग अडवता येणार नाही. सगळ्यात जास्त गाड्या त्याच वेळी येतात. आणि मोठा आवाज सुरू असताना गाडी मागे घेणाऱ्याला आमची शिट्टी ऐकू येत नाही, मागून धावणारं पोर दिसत नाही. बाजूच्या दाराची रुंद पायवाट घ्या, तिथून मूर्ती थेट सभागृहात जाते.

पथक_प्रमुख

पायवाटेवर १६ ढोल मावतील, ३० नाही. मी पथकाशी बोलतो. विसर्जनाला तरी मोकळी जागा द्या.

फुटबॉल_आई

विसर्जनाच्या वेळी सामना संपून दीड तास झालेला असेल, मागचं पार्किंग रिकामं होईल. सामना साधारण साडेतीनला आटोपतो. तिथे ३० ढोल लावा!

पथक_प्रमुख

हे चालेल! सकाळी १६, विसर्जनाला ३०.

सेवाभावी_पण_वैतागलेला

तिकिटाबद्दल बोलू का? स्वयंसेवकाने ३० डॉलर भरायचे, वर गाडी बारा मिनिटं लांब लावायची, अडीच तास उन्हात उभं राहायचं आणि आरती चुकवायची. चार वर्षं मी आरतीच्या वेळी फाटकावर होतो. आतून टाळ्यांचा आवाज यायचा आणि मी कोन उचलत असायचो. पाचव्या वर्षी मी नाव दिलं नाही. पार्किंगच्या जागा का भरत नाहीत हे कुणी विचारलंच नाही.

मोरया_चिटणीस

दादा, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तिकिटाबद्दल कार्यकारिणीत दोन मतं आहेत. काहींना स्वयंसेवकांना अर्धं तिकीट द्यावंसं वाटतं. खजिनदारांचं म्हणणं, एकूण ७० स्वयंसेवक आहेत, प्रत्येकी १५ सोडले तर १०५० डॉलरचा खड्डा पडतो, आणि तो बाकीच्यांच्या तिकिटातच भरावा लागेल. हे माझ्या एकटीच्या हातात नाही.

आरतीचं मात्र मी करू शकते. फाटकाची पाळी ८.३० ते ११ करते. ११ नंतर फाटकावर एकच माणूस लागतो ना?

नारिंगी_जॅकेट

दोन लागतील. एक फाटकावर, एक आत फिरता. पण ११.१० नंतर गाड्या तुरळक येतात. ते दोघे मराठी नसले तरी चालेल. माझ्या ऑफिसातला एक मित्र दरवर्षी जेवायला येतो, तो आणि त्याचा भाऊ आरतीची पस्तीस मिनिटं उभे राहायला तयार आहेत. बाकीचे आत. मीही पाच वर्षांत पहिल्यांदाच सुरुवातीपासून आरतीला असेन.

सेवाभावी_पण_वैतागलेला

तर मग माझं नाव लिहा. ८.३० ते ११. अर्ध्या तिकिटाबद्दल मी बोलत राहीनच.

गणित_आवडे

माझंही लिहा, आत फिरता म्हणून. गाड्या मोजून देतो, पुढच्या वर्षी ६०० ला २.६ च धरायचं का ते कळेल. एक शंका : सव्वाबाराला फुटबॉलवाले आले आणि आपल्याच रिकाम्या जागांत घुसले तर?

फुटबॉल_आई

त्यांच्या संघाच्या ईमेलवर मी कळवते की त्यांनी मागच्या फाटकाने यायचं. पण केटररची गाडी जेवणघराच्या मागच्या दाराशी लागते ना? ती ७० जागांच्या मध्येच येईल.

नारिंगी_जॅकेट

चांगलं पकडलंत. केटररच्या दारापासून वळणापर्यंत चार जागा कोन लावून बंद ठेवाव्या लागतील. तो पावणेअकराला येतो. त्याची गाडी अडकली तर जेवण थंड होतं आणि ते परत नीट तापवायची सोय शाळेत नाही. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, आरोग्य खात्याचा माणूस थर्मामीटर घेऊन येतो. तेव्हा त्या दारावर ११ नंतरही एक माणूस हवा. तो आरतीला नसेल. त्याचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही.

साखरभात

मी उभी राहते. घरी सोमवारपासून रोज दोन वेळा आरती होते आमच्याकडे, एक चुकली तर चालेल. पण उत्तरपूजेला मला पुढे जागा ठेवा.

काणेकाकू

आणि आम्हा म्हाताऱ्यांना कुठे उतरवायचं? गुडघे बरे नाहीत.

मोरया_चिटणीस

काकू, मुख्य दारासमोर गाडी उभी करायची नाही, ती फायर लेन आहे. बाजूच्या दाराशी, जिथून मूर्ती जाईल तिथे, दोन जागा उतरण्यासाठी ठेवल्या आहेत. खुर्ची आणि एक मुलगा तिथे असेल. उतरवलं की चालकाने लगेच पुढे जायचं. फक्त १०.४५ च्या आधी या, नंतर तिथे ढोल असतील.

तर असं ठरलं : गाडीचा पास नाही, फाटकावर तिकीट बघायचं नाही, दाराशी चार टेबलं आणि एक रांग. स्वयंसेवक आणि कलाकार ऑफिसच्या पार्किंगमध्ये. स्वयंसेवकांच्या अर्ध्या तिकिटाचा निर्णय रविवारच्या बैठकीत. पार्किंगच्या चौदापैकी आता सहा भरल्या आणि केटररचं दार वेगळं. आठ हव्या आहेत. दोन सात आसनी गाड्या आणि त्यांचे चालकही हवेत, पावणेआठ ते साडेनऊ.

ठाणे_ते_टोरांटो

मी त्या आठवड्यात एडिसनला बहिणीकडे आहे. तिची मिनीव्हॅन आणि मी, दोघे आलो असं समजा. ऑफिसच्या फाटकाचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.